कुंडीची लिस्टिंग वाचायची कशी: आतला व्यास, भोकं, मटेरियल, वजन आणि आपली बाल्कनी

ऑनलाइन कुंडी घेताना नवीन माणूस आधी फोटो बघतो, मग रंग बघतो आणि मग "१२ इंच" वाचून ऑर्डर करून टाकतो. खरं काम त्याच्या खाली असतं, त्या बारीक अक्षरातल्या चार-पाच ओळींत, आणि त्या ओळी कधी अर्ध्या असतात, कधी चुकीच्या. बाल्कनीत ठेवायची असेल तर त्या ओळींतून आपल्याला दोनच गोष्टी काढायच्या असतात: कुंडीत माती किती लिटर बसणार, आणि पाणी घातल्यावर ती सगळी मिळून किती किलो होणार. बाकी सगळी माहिती या दोन उत्तरांसाठीच वाचायची. चला, एकेक करून बघू, आणि मध्ये एक उदाहरण पूर्ण सोडवू.

पहिलं काम: कुठलं माप दिलंय ते ओळखा

लिस्टिंगमधलं "१२ इंच" हे जवळजवळ नेहमी वरच्या काठाचं बाहेरून बाहेर माप असतं. कुंडी वर रुंद आणि बुडाशी निमुळती असते, त्यामुळे विक्रेता जिथे आकडा सगळ्यात मोठा येतो तिथेच टेप लावतो, यात फार काही लबाडी नाही, तशी पद्धतच आहे. पण झाडाची मुळं काठाच्या बाहेर वाढत नाहीत, त्यांना आतली जागा लागते. आतला व्यास म्हणजे आतल्या भिंतीपासून समोरच्या आतल्या भिंतीपर्यंतचं अंतर, आणि तो निदान दोन ठिकाणी हवा, वर तोंडाशी आणि खाली बुडाशी. शिवाय आतली उंची, म्हणजे बुडाची जाडी आणि खाली पाय असतील तर ते वजा करून.

तीन प्रकारच्या कुंड्यांमध्ये बाहेरचं आणि आतलं माप खूप वेगळं येतं. एक, सिमेंटची कुंडी, कारण तिची भिंतच दोन-अडीच सेंटिमीटर जाड असते, दोन्ही बाजू धरल्या की व्यासातले चार-पाच सेंटिमीटर तिथेच गेले. दुसरी, बाहेर वळवलेला जाड काठ असलेली प्लॅस्टिकची, जिथे काठ भारदस्त दिसतो पण काठाखालचा गळा बराच अरुंद असतो. आणि तिसरी सगळ्यात फसवी, ती दुहेरी भिंतीची शोभेची कुंडी, बाहेर मोठं सुंदर कवच आणि आत झाड लावायला एक छोटी बादलीवजा कुंडी. अशा लिस्टिंगमध्ये फोटो आणि माप दोन्ही कवचाचं असतं. वर्णनात "इनर पॉट", "लायनर" असा शब्द दिसला की थांबा आणि त्या आतल्या भांड्याचं माप मागा, ते मिळत नसेल तर ती कुंडी शोभेसाठी आहे असं समजून पुढे जा.

लिस्टिंगमध्ये फक्त बाहेरचं माप असेल तर विक्रेत्याला प्रश्न नीट विचारायचा. "साइज काय आहे" असं विचारलं की तेच १२ इंच परत येणार. त्याऐवजी लिहा: काठाच्या आतून आतपर्यंत किती सेंटिमीटर, बुडाशी आतून किती, आणि आतून खोली किती. तीन आकडे. ज्याच्याकडे खरंच कुंडी आहे तो टेप लावून सांगतो, ज्याच्याकडे फक्त फोटो आहे तो "स्टँडर्ड साइज आहे" असं उत्तर देतो.

मापावरून लिटर कसे काढायचे

हिशोब सोपा आहे. आतला वरचा व्यास आणि आतला बुडाचा व्यास यांची सरासरी घ्या. ती सरासरी तिनेच गुणा, मग मातीच्या उंचीने गुणा, मग ०.७८५ ने गुणा. उत्तर घन सेंटिमीटरमध्ये येतं, हजाराने भागलं की लिटर. मातीची उंची म्हणजे आतली उंची वजा तीन सेंटिमीटर, कारण पाणी साचायला वर तेवढी जागा सोडावीच लागते, नाहीतर प्रत्येक वेळी माती वाहून बाल्कनीभर होते. निमुळत्या गोल कुंडीसाठी हे उत्तर अगदी काटेकोर नसतं पण निर्णय घ्यायला पुरेसं असतं. चौकोनी लांबट प्लँटर असेल तर आतली लांबी, रुंदी, मातीची उंची यांचा गुणाकार करून हजाराने भागा, झालं.

आता उदाहरण घेऊ. समजा बाल्कनीत गुलाब लावायचाय आणि त्याला निदान १० लिटर माती मिळावी अशी इच्छा आहे. समोर दोन लिस्टिंग आहेत, दोन्हीवर लिहिलंय १२ इंच, दोन्हींचं माप ३० × ३० × २८ सेंटिमीटर. एक सिमेंटची, वजन साडेबारा किलो. दुसरी प्लॅस्टिकची, वजन पाऊण किलो.

आधी बाहेरच्या मापावरून जो माणूस अंदाज करेल त्याचं बघू: तो ३० गुणिले ३० गुणिले २८ गुणिले ०.७८५ करेल आणि त्याला वाटेल की जवळजवळ २० लिटरची कुंडी आहे. मस्त, दोन गुलाब बसतील.

सिमेंटवाल्याला विचारल्यावर कळतं की भिंत अडीच सेंटिमीटर जाड आहे, बूड तीन सेंटिमीटर. म्हणजे तोंडाशी आतून २५, बुडाशी बाहेरून २२ असेल तर आतून १७, आतली खोली २५ आणि मातीची उंची २२. सरासरी व्यास २१, पण माती काठाच्या खालीच संपते त्यामुळे थोडा कमी धरू, साडेवीस. हिशोब येतो साधारण सव्वासात लिटर. वीस वाटलेली कुंडी सव्वासात लिटरची निघाली!

प्लॅस्टिकची भिंत पातळ, पण काठ बाहेर वळलेला आहे, म्हणून तोंडाशी आतून २७, बुडाशी २१, आतली खोली २७, मातीची उंची २४. सरासरी २४, पुन्हा तेच, थोडी कमी धरली तर साडेतेवीस. हिशोब साधारण साडेदहा लिटर. म्हणजे एकाच "१२ इंच" नावाखाली एका कुंडीत गुलाबाला जेमतेमपेक्षाही कमी जागा आहे आणि दुसरीत पुरेशी आहे. हे फोटोत कधीच दिसत नाही, दोन्ही फोटो एकसारखेच दिसतात.

वजन: लिस्टिंगमधलं आणि खरं

लिस्टिंगमधलं वजन रिकाम्या कुंडीचं असतं. काही वेळा तर पॅकिंगसकट असतं, पुठ्ठा, भुसा सगळं धरून, त्यामुळे "प्रॉडक्टचं वजन" आणि "पार्सलचं वजन" अशा दोन ओळी असतील तर पहिली वाचायची. आपल्याला हवं असतं भिजलेलं वजन, कारण बाल्कनीवर तेच बसणार. मातीचं साधारण असं धरा: नुसती बागेची माती असेल तर भिजल्यावर एका लिटरला दीड-पावणेदोन किलो, माती-कंपोस्ट-कोकोपीट असं मिश्रण असेल तर सव्वा किलोच्या आसपास, आणि मातीच नसलेलं हलकं मिश्रण, कोकोपीट, कंपोस्ट, परलाइट वगैरे, तर एक किलोच्या आसपास किंवा थोडं कमी. मिश्रण काय आणि दाबून भरलंय का यावर हे वरखाली होतं, म्हणून थोडं जास्तच धरलेलं बरं.

आपल्या दोन कुंड्यांना मधलं मिश्रण घालू, लिटरला १.३ किलो. सिमेंटची: माती साडेनऊ किलो, कुंडी साडेबारा, झाड आणि ट्रे मिळून एक, एकूण २३ किलो. प्लॅस्टिकची: माती साधारण १३.७ किलो, कुंडी पाऊण, झाड-ट्रे एक, एकूण साडेपंधरा. अशा चार ओळीने ठेवल्या तर सिमेंटच्या ९२ किलो आणि माती मिळाली २९ लिटर, प्लॅस्टिकच्या ६२ किलो आणि माती मिळाली ४२ लिटर. बाल्कनीसाठी मी तरी या हिशोबानंतर सिमेंटकडे फार वळत नाही, एखादी कोपऱ्यात, भिंतीला लागून, मोठं झाड वाऱ्याने हलू नये म्हणून, एवढंच.

वजनाच्या ओळीचा अजून एक उपयोग आहे जो फार लोक करत नाहीत. मटेरियलची खात्री करता येते. ३० सेंटिमीटर व्यासाची कुंडी खरंच सिरॅमिकची किंवा सिमेंटची असेल तर ती एक किलोची असूच शकत नाही. वर्णनात "सिरॅमिक फिनिश", "स्टोन लुक", "टेराकोटा कलर" असं लिहिलंय आणि वजन ७००-८०० ग्रॅम आहे, तर ती प्लॅस्टिकचीच आहे, आणि त्यात वाईट काही नाही, फक्त आपल्याला माहीत असावं. उलटंही बघा, एवढ्याच मापाच्या प्लॅस्टिक कुंडीचं वजन २५०-३०० ग्रॅम दिसलं तर भिंत एक मिलिमीटरच्या आसपास आहे, ती कुंडी भरल्यावर काठाला धरून उचलली की काठ हातात येतो आणि उन्हात ती लवकर तडकते.

भोकं: "ड्रेनेज होल: होय" एवढ्यावर भागत नाही

हा भाग सावकाश वाचा, कारण कुंडीतली झाडं पाणी कमी पडून मरतात त्याहून जास्त वेळा मुळं कुजून मरतात.

कुंडीतलं जास्तीचं पाणी खाली उतरतं, पण सगळंच्या सगळं बाहेर पडत नाही. माती स्पंजसारखी पाणी धरून ठेवते आणि अगदी तळाशी एक थर पूर्ण भिजलेलाच राहतो, त्यात हवा नसते. या थराची जाडी कुंडीच्या उंचीवर नाही तर माती किती बारीक आहे त्यावर ठरते. म्हणून एकच माती उथळ कुंडीत घातली तर तिचा बराचसा भाग या भिजलेल्या थरातच असतो, आणि उंच कुंडीत वरचा मोठा भाग मोकळा राहतो. लिस्टिंगमधली उंची बघायची ती यासाठी. आणि हो, तळाला खडी किंवा विटांचे तुकडे घातले की निचरा सुधारतो असं सगळीकडे सांगतात, तसं होत नाही. बारीक मातीतून पाणी जाड खडीत सहज उतरत नाही, ते मातीतच अडून राहतं, म्हणजे तो भिजलेला थर नुसता वर सरकतो आणि मुळांची जागा अजून कमी होते. भोकातून माती वाहू नये म्हणून खापराचा एक तुकडा किंवा जाळीचा तुकडा ठेवला की पुरे.

आता लिस्टिंगमध्ये काय बघायचं. सगळ्यात आधी तळाचा फोटो. कुंडी उलटी करून काढलेला फोटो असेल तर विक्रेता बरा आहे असं मी समजतो. त्यात भोकं खरंच आरपार आहेत का ते बघा, कारण बऱ्याच प्लॅस्टिक कुंड्यांना नुसत्या गोल खुणा असतात, भोकं आपण पाडायची असतात. काहींना रबरी बूच लावलेलं असतं, ते काढायचं लक्षातच राहत नाही. १२ इंची प्लॅस्टिक कुंडीला १०-१२ मिलिमीटरची चार-पाच भोकं असली की काम होतं. सिमेंट किंवा मातीच्या कुंडीला बहुधा मध्ये एकच मोठं भोक असतं, तेही चालतं, पण बूड सपाट असेल आणि कुंडी थेट फरशीवर बसली तर फरशीच ते भोक बंद करते. म्हणून पाय किंवा बुडाला खाचा आहेत का ते बघा, नसतील तर फरशीच्या तुकड्यांवर तीन ठिकाणी टेकवून एक सेंटिमीटरभर उचलून ठेवा.

भोक कुठल्या पातळीवर आहे तेही महत्त्वाचं. काही कुंड्यांना तळाला नाही तर बाजूला, बुडापासून दोन-तीन सेंटिमीटर वर भोकं असतात, आणि त्यांच्या खाली पाण्याचा साठा राहतो. सेल्फ वॉटरिंग कुंड्या याच तत्त्वावर चालतात, त्यात माती आणि पाणी यांच्यामध्ये जाळी किंवा खोटा तळ असतो. पण बाल्कनी उघडी असेल आणि पाऊस आत येत असेल तर त्या कुंडीला ओव्हरफ्लोचं भोक आहे का हे विचाराच, नसेल तर एका मोठ्या पावसात साठा भरून माती पूर्ण बुडते.

भोक नसलेली सिरॅमिकची कुंडी फारच आवडली तर दोन मार्ग. एक म्हणजे तिच्यात झाड न लावता, आत भोकं असलेली प्लॅस्टिकची कुंडी ठेवायची आणि पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने साचलेलं पाणी ओतून टाकायचं. दुसरा, भोक पाडायचं: टाइल-काचेसाठी मिळतं ते डायमंड बिट, ड्रिलचा हॅमर मोड बंद, भोकाच्या जागी मास्किंग टेप, हळू स्पीड आणि थोडं थोडं पाणी घालून बिट थंड ठेवायचं. त्यासाठी बॅटरीवरचं ड्रिल घ्या, वायरवालं आणि पाणी एकत्र नको. जोर लावला की शेवटच्या मिलिमीटरला तडा जातो, तिथेच धीर धरायचा.

मटेरियल थोडक्यात

मातीची कुंडी, म्हणजे बिनचकचकीत भाजलेली, भिंतीतून पाणी बाहेर झिरपवते आणि ते उडून जाताना मुळं थंड राहतात. जास्त पाणी घालायची सवय असलेल्यांना ती माफ करते, पण उन्हाच्या आणि वाऱ्याच्या बाल्कनीत ती लवकर सुकते, कडक उन्हाळ्यात लहान कुंडीला दिवसातून दोनदा पाणी लागू शकतं. बाहेरून पांढरे डाग येतात ते पाण्यातले क्षार, दोष नाही. ती स्वतःही पाणी पिते, त्यामुळे तिचं भिजलेलं वजन लिस्टिंगपेक्षा एखाद-दीड किलो जास्त धरा. ग्लेझ दिलेली सिरॅमिक कुंडी यातलं काहीच करत नाही, निचऱ्याच्या बाबतीत ती जड प्लॅस्टिकच समजा.

प्लॅस्टिकमध्ये "यूव्ही स्टॅबिलाइज्ड" हा शब्द शोधायचा. तो नसलेली कुंडी थेट उन्हात काही काळाने फिकी पडते, हाताला पांढरी पूड लागते आणि मग एके दिवशी उचलताना तुकडा निघतो. काळा आणि गडद रंग उन्हात तापतो, पश्चिमेच्या बाल्कनीत मुळं भाजायला तो पुरेसा आहे, तिथे फिकाच रंग घ्या. पत्र्याच्या कुंड्या त्याहून तापतात, शिवाय गंजतात. फायबरग्लासच्या मोठ्या कुंड्या हलक्या आणि टिकाऊ असतात, फक्त किंमत जास्त असते, आणि मोठ्या आकारात बाल्कनीसाठी मला त्याच सगळ्यात योग्य वाटतात.

"बाल्कनीसाठी योग्य" हे कोणी ठरवायचं

विक्रेत्याला तुमची बाल्कनी माहीत नाही, त्यामुळे हे वाक्य लिस्टिंगमध्ये असलं काय नसलं काय. आपण ठरवायचं, आणि त्यात वजन, वारा आणि पाणी एवढंच बघायचं.

बऱ्याच बाल्कन्या म्हणजे एका बाजूने इमारतीत धरलेला आणि दुसरी बाजू मोकळी असलेला स्लॅब. अशा स्लॅबवर एकच वजन भिंतीपासून पाव मीटरवर ठेवलं आणि तेच एक मीटरवर कठड्याशी ठेवलं, तर धरलेल्या कडेवरचा ताण चौपट होतो. म्हणून जड कुंड्या भिंतीकडे, हलक्या कठड्याकडे, ही मांडणी दिसायला उलटी वाटली तरी तीच बरोबर. सगळ्या कुंड्यांचं भिजलेलं वजन वर सांगितलं तसं काढून बेरीज करा, आणि इमारत जुनी असेल, स्लॅबला तडे किंवा गंजाचे डाग दिसत असतील किंवा बेरीज काहीशे किलोवर जात असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय भर घालू नका.

वाऱ्याचं गणित उलटं असतं. वजनासाठी कुंडी भिजलेली धरायची, वाऱ्यासाठी सुकलेली, कारण हलक्या मिश्रणातली प्लॅस्टिकची कुंडी सुकली की बरीच हलकी होते आणि वर झाडाचं शीड झालेलं असतं. त्यामुळे बुडाचा व्यास बघा. खाली फारच निमुळती, उंच, व्हासच्या आकाराची कुंडी वरच्या मजल्यावर नको. कठड्यावर अडकवायची असेल तर हूकची आतली रुंदी आणि कठड्याच्या पाइपची जाडी जुळते का ते बघा, हूकवर किती किलो चालतं ते भिजलेल्या वजनाशी ताडून बघा, आणि कुंडी आतल्या बाजूलाच टांगा. खाली माणसं चालतात.

पाण्यासाठी ट्रे आहे का आणि तो आतल्या नाही तर बाहेरच्या बुडापेक्षा मोठा आहे का, हे वाचा, नाहीतर पाणी खालच्या मजल्यावर टपकतं आणि मग वरखाली भांडणं. ट्रेमधलं पाणी आठवड्यातून एकदा तरी पूर्ण ओतून ट्रे घासा, कारण डासांना अंड्यापासून उडायला साधारण एक आठवडा पुरतो.

पार्सल आल्यावर

उघडतानाचा व्हिडिओ काढा. मातीची किंवा सिरॅमिकची कुंडी असेल तर एका हातावर तोलून बोटाच्या पेराने टिचकी मारा, खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द आला तर कुठेतरी न दिसणारी चीर आहे. टेपने आतला व्यास वर आणि खाली मोजा. लिटर खरेच आहेत का हे बघायचं असेल तर भोकं आतून पॅकिंग टेपने बंद करून एक लिटरच्या बाटलीने काठाखाली तीन सेंटिमीटरपर्यंत पाणी भरा, किती बाटल्या गेल्या ते मोजा, आणि मग टेप काढून बघा पाणी कसं जातं. सगळं गेल्यावर तळाशी बोटभर पाणी उरत असेल तर भोकं तळाच्या सगळ्यात खोल जागी नाहीत, तिथे, जिथे पाणी उरलंय तिथेच, पेनने खूण करा आणि १० मिलिमीटरचं एक भोक अजून पाडा. पण परत करायची असेल तर हे भोक पाडायच्या आधी ठरवा, नंतर कोणी परत घेत नाही.